रोलचं प्रमेय आणि "जास्तीत जास्त एकच रूट" : x³ − 12x + k = 0 मध्ये अडकलोय

साखळीचा_सोहम
नमस्कार मंडळी. बीएस्सी पहिल्या वर्षाला आहे, कॅल्क्युलसची इंटर्नल टेस्ट जवळ आलीय आणि एका गणितावर डोकं चालत नाही. प्रश्न असा: k काहीही असो, x³ − 12x + k = 0 या समीकरणाला [−2, 2] मध्ये जास्तीत जास्त एकच रूट असतो हे रोलच्या प्रमेयाने सिद्ध करा.

सरांनी फळ्यावर चार ओळीत संपवलं. समजा दोन रूट आहेत, मग दोन्हीकडे f शून्य, म्हणून रोलप्रमाणे मध्ये कुठेतरी f′ शून्य, ते अशक्य, झालं. मी उतरवून घेतलं पण घरी येऊन f′ काढला तर 3x² − 12 आला आणि तो तर x = 2 आणि x = −2 ला शून्य होतो आणि हे दोन्ही बिंदू इंटर्व्हलमध्येच आहेत की! मग "अशक्य" कसं काय? दुसरं म्हणजे k किती ते माहीतच नाही तर एकदम सगळ्या k साठी कसं सांगणार. बारावीच्या एनसीईआरटीच्या पुस्तकातून हा भाग काढून टाकलाय, त्यामुळे कॉलेजात येईपर्यंत रोलचं नावसुद्धा ऐकलं नव्हतं.

म्हापसेकर७
प्रश्नच चुकीचा छापलाय रे. मी k = 1 घालून कॅल्क्युलेटरवर सोडवला, तीन रूट येतात, साधारण −3.5, 0.08 आणि 3.42. तिन्ही रिअल. जे खरंच नाही ते सिद्ध काय करणार, सरांना जाऊन विचार.

प्रज्ञा_काणकोण
म्हापसेकर, प्रश्न परत वाचा. [−2, 2] मध्ये म्हटलंय. तुमच्या तीन उत्तरांपैकी त्या पट्ट्यात एकच बसतो, 0.08 वाला. म्हणजे तुम्ही प्रश्न खोडायला गेलात आणि त्याचंच उदाहरण देऊन आलात 😄

म्हापसेकर७
बरं बरं. पण मग हेडिंगमध्ये इंटर्व्हल लिहायचा ना मरे.

विन्या_पर्वरी
सोहम तुझी शंका बरोबर आहे. टोकांना डेरिव्हेटिव्ह शून्य आहे म्हणून [−2, 2] वर हा मार्ग चालत नाही, प्रश्नात ओपन इंटर्व्हल (−2, 2) पाहिजे होता. रोल सोड, सरळ लिही की f′ निगेटिव्ह आहे म्हणून फंक्शन उतरतं आहे, उतरतं फंक्शन एक्स अक्षाला एकदाच कापणार, विषय खलास. इंजिनिअरिंगला आम्ही असंच लिहायचो आणि मार्क मिळायचे.

मास्तरीण_डिचोली
विन्या, फंक्शन उतरतंय हे तुझं खरं, पण पहिलं वाक्य पटत नाही. [−2, 2] अगदी बरोबर आहे आणि रोलही चालतो. सोहम, तुझी शंका चांगली आहे, वर्गात हा प्रश्न फार कमी मुलं विचारतात, म्हणून जरा सावकाश लिहिते.

रोल लावताना आपण तो −2 आणि 2 या टोकांवर लावतच नाही. तिथे लावायचं म्हटलं तरी जमणार नाही, कारण f(−2) येतो 16 + k आणि f(2) येतो k − 16, ते सारखे कुठे आहेत? आपण रोल लावतो तो आपण मानलेल्या दोन रूटवर. लहान रूटला a म्हण, मोठ्याला b. दोघे [−2, 2] मध्ये आहेत आणि a < b. f(a) = 0, f(b) = 0, म्हणजे किमती सारख्या झाल्या. f बहुपदी आहे, त्यामुळे कंटिन्युअस आणि डिफरन्शिएबल असण्याची काळजीच नाही. आता रोल म्हणतो की a आणि b च्या मध्ये असा एक c आहे जिथे f′(c) = 0. हा c a वर नाही, b वर नाही, काटेकोरपणे दोघांच्या आत आहे. आता ही साखळी वहीत एका ओळीत लिही:

−2 ≤ a < c < b ≤ 2

अगदी वाईटात वाईट म्हणजे a नेमका −2 वर आणि b नेमका 2 वर बसला असं धर. तरीसुद्धा c −2 पेक्षा मोठा आणि 2 पेक्षा लहानच राहतो. म्हणजे c² < 4, म्हणजे 3c² − 12 < 0. रोल म्हणतो शून्य, हिशोब म्हणतो शून्यापेक्षा कमी. दोन्ही एकदम खरं असू शकत नाही, म्हणून दोन रूट मानणंच चूक. टोकांना f′ शून्य होतो तो होऊदे, c तिथपर्यंत पोचतच नाही.

k चं असं की डेरिव्हेटिव्ह घेताना तो उडून जातो. k बदलला की आख्खा आलेख वर किंवा खाली सरकतो, पण उतार होता तसाच राहतो. आपला सगळा युक्तिवाद उताराशी बोलतो, उंचीशी नाही, म्हणून एकदाच केलेलं काम सगळ्या k ना पुरतं.

विन्या_पर्वरी
बाई तुमचं म्हणणं कळलं पण माझा मुद्दा तोच की टोकाला जरा काठावरचं प्रकरण आहे. आणि फंक्शन उतरतं आहे असं लिहिलं तर काय बिघडलं?

मास्तरीण_डिचोली
काही बिघडलं नाही, गणित म्हणून चालेल. पण f′ निगेटिव्ह असला की फंक्शन उतरतं हे कशावरून? ते मध्यमान प्रमेयावरून येतं आणि मध्यमान प्रमेय रोलवरून येतं. प्रश्नात "रोलच्या प्रमेयाने" असं लिहिलं असेल तर तपासणाऱ्याला रोल दिसायला हवा, एवढंच.

काठावरचं म्हणालास त्यात मात्र तथ्य आहे, ते दाखवते. इंटर्व्हल जरासा रुंद कर, [−2.1, 2.1] घे. आता k = 15.99 घाल. साधारण 1.96 ला एक रूट आणि 2.04 ला दुसरा, दोन्ही आत! आणि त्यांच्या मध्ये कोण बसलाय बघ, x = 2, जिथे f′ शून्य. रोल म्हणतो तो c हाच. म्हणजे ±2 हे आकडे प्रश्न काढणाऱ्याने उगीच घेतलेले नाहीत, त्यापलीकडे केसभर सरकलं तरी विधान पडतं, आणि बरोबर ±2 वर थांबलं तर उभं राहतं.

साखळीचा_सोहम
थँक्यू बाई!! c आत अडकलेला आहे हे डोक्यातच आलं नव्हतं, मी आपला −2 आणि 2 वर रोल लावायला बघत होतो.

आता अजून एक. हे सिद्ध झालं म्हणजे एक रूट आहे असं पण सिद्ध झालं का? मित्र म्हणतो जास्तीत जास्त एक म्हणजे एक असणारच.

प्रज्ञा_काणकोण
नाही. जास्तीत जास्त एक म्हणजे एक किंवा एकही नाही. k = 20 घे. f(−2) = 36, f(2) = 4, आणि मध्ये फंक्शन ३६ वरून ४ वर उतरत येतंय, शून्याला शिवतच नाही. त्या पट्ट्यात रूट शून्य. तरी विधान खरंच, एकपेक्षा जास्त कुठे आलेत.

रूट आहे हे दाखवायला वेगळं हत्यार लागतं, एका टोकाला पॉझिटिव्ह, दुसऱ्या टोकाला निगेटिव्ह, फंक्शन कंटिन्युअस, म्हणून मध्ये कुठेतरी शून्य. बाईंनी वर टोकांच्या किमती दिल्याच आहेत, 16 + k आणि k − 16. त्या बघितल्या की k हा −16 ते 16 मध्ये असेल तेव्हाच पट्ट्यात रूट मिळतो, आणि रोलमुळे तो एकच. "exactly one" विचारलं तर ही दोन्ही कामं करायची, "at most one" विचारलं तर फक्त रोलवालं. टेस्टमध्ये निम्मी पोरं "at most" ला पण टोकाच्या किमती काढत बसतात, वेळ जातो नुसता.

विन्या_पर्वरी
हे बघा आता सापडलं. k = 16 घाला. x³ − 12x + 16 = (x − 2)²(x + 4). म्हणजे x = 2 हा रूट दोनदा येतो आणि 2 तर [−2, 2] मध्ये आहे. म्हणजे दोन रूट झाले. जास्तीत जास्त एक कुठे राहिलं? म्हणून म्हणत होतो ओपन इंटर्व्हल पाहिजे 😎

मास्तरीण_डिचोली
हा मुद्दा मात्र खरा आहे. k = −16 ला पण तेच होतं, तिथे (x + 2)²(x − 4), −2 दोनदा.

पण बघ, पुराव्यात आपण a < b मानलं, म्हणजे दोन वेगळ्या जागी बसलेले रूट. दुहेरी रूट हा एकाच जागी बसलेला आहे, त्याच्या बाबतीत रोलला मध्ये c शोधायला जागाच नाही. म्हणून पुरावा त्याच्याबद्दल चकार शब्द काढत नाही. "समीकरणाला पट्ट्यात किती वेगवेगळे x चालतात" असं विचारलं तर उत्तर जास्तीत जास्त एक, आणि k = 16 ला तो एक म्हणजे 2.

विन्या_पर्वरी
मग प्रश्नात "वेगळे" लिहायला पाहिजे. बीजगणिताच्या पेपरात आम्ही त्रिघाताला तीन रूट म्हणून दुहेरी दोनदाच मोजतो, आणि कॅल्क्युलसच्या पेपरात एकदा. एकाच युनिव्हर्सिटीत दोन हिशोब.

प्रज्ञा_काणकोण
मला वाटतं कॅल्क्युलसमध्ये रूट म्हणजे आलेख अक्षाला लागतो तो बिंदू असंच धरतात, पण विन्या म्हणतो तसं प्रश्नात लिहिलेलं नसतं हे खरं. आमच्या कॉलेजात एका मॅडमनी याच कारणावरून अर्धा मार्क कापलेला, दुसऱ्यांनी कापला नसता.

मास्तरीण_डिचोली
मी तपासत असते तर कापला नसता. पण सगळे माझ्यासारखे तपासतील असं काही सांगता येत नाही. सोहम, पहिल्याच ओळीत "दोन भिन्न रूट a आणि b, a < b" असं लिही, मग वाद तुझ्या पेपरवर येणार नाही.

खाणीवरचा_माणूस
मधेच घुसतोय, माफ करा, मी गणितवाला नाही. पूर्वी खाणीच्या ऑफिसात हिशोब बघायचो. आम्हाला प्रोजेक्टचा परतावा काढायला एक्सेलमध्ये IRR लावायचे आणि एकदा असं झालं की guess बदलला तर उत्तर बदललं, एकदा १० टक्के, एकदा २० टक्के. साहेब म्हणाले एक्सेल बिघडलंय. तुमचं "एकच रूट" वाचून ते आठवलं. खाणीत आधी पैसे घालायचे, मग खनिज विकून येतात, आणि शेवटी खड्डा बुजवायला, झाडं लावायला परत घालायचे. लहान करून आकडे असे धरा: सुरुवातीला −1000, वर्षाने +2300, आणखी वर्षाने −1320. याचा आणि रोलचा काही संबंध आहे का की उगीच?

प्रज्ञा_काणकोण
उगीच काय, भारीच उदाहरण आहे! दर r असेल तर v = 1/(1 + r) धरा. मग समीकरण होतं −1000 + 2300v − 1320v² = 0. १० टक्क्याला v साधारण 0.909, २० टक्क्याला 0.833. दोन्ही घालून बघा, दोन्हीला शून्य येतं. एक्सेल बिघडलेलं नव्हतं, समीकरणालाच दोन उत्तरं आहेत.

आणि रोल काय म्हणतो बघा, दोन रूट असतील तर मध्ये कुठेतरी डेरिव्हेटिव्ह शून्य असणारच. 2300 − 2640v = 0 सोडवलं की v येतो साधारण 0.871, बरोबर दोघांच्या मध्ये. सोहम, इथे रोल उलटा न वापरता सरळ दिसतोय.

मास्तरीण_डिचोली
आता याच्या शेजारी साधं कर्ज ठेवा. आज P रुपये हातात आले, मग दर महिन्याला E चा हप्ता, n महिने. समीकरण: E(v + v² + … + vⁿ) − P = 0. v पॉझिटिव्ह असताना याचा डेरिव्हेटिव्ह E(1 + 2v + … + nvⁿ⁻¹), सगळी पदं पॉझिटिव्ह, शून्य होणं शक्यच नाही. म्हणून रोलप्रमाणे दोन वेगळे v असू शकत नाहीत, म्हणजे हप्त्याच्या कर्जाला व्याजदर एकच. खाणीत शेवटचा −1320 आला तिथे ही शाश्वती गेली.

खाणीवरचा_माणूस
म्हणजे शेवटी खड्डा बुजवायचा खर्च नसता तर एकच उत्तर आलं असतं?

मास्तरीण_डिचोली
हो. −1000 आणि +2300 एवढंच राहिलं तर सरळ रेषाच झाली. मध्ये अजून कितीही वर्षं पैसे येत राहिले तरी एकच. पण एक ध्यानात ठेवा, डेरिव्हेटिव्ह कुठेतरी शून्य होतो म्हणजे दोन उत्तरं असणारच असा अर्थ नाही. x³ = 0 बघा, डेरिव्हेटिव्ह x = 0 ला शून्य, तरी रूट एकच. रोल एकाच दिशेने जातो: दोन रूट असतील तर f′ शून्य होतो. उलट दिशेला काही वचन नाही.

म्हापसेकर७
मग f′ कधीच शून्य होत नसेल तर डोळे मिटून एकच रूट लिहायचा, बरोबर? मला हे आवडलं, सोपं आहे.

प्रज्ञा_काणकोण
डोळे उघडे ठेवून लिहा 😅 x − 1/x = 0 घ्या. डेरिव्हेटिव्ह 1 + 1/x², जिथे आहे तिथे कायम पॉझिटिव्ह. तुमच्या नियमाने एकच रूट. पण 1 पण चालतो आणि −1 पण चालतो.

म्हापसेकर७
अरे देवा. मग रोल खोटा?

प्रज्ञा_काणकोण
रोल खोटा नाही, आपण तो लावायला नको होता. −1 आणि 1 च्या मध्ये 0 आहे आणि तिथे फंक्शनच नाही, तुटलेलं आहे. रोलला a पासून b पर्यंत अखंड फंक्शन लागतं आणि आतल्या प्रत्येक बिंदूला डेरिव्हेटिव्ह लागतो. फक्त पॉझिटिव्ह x घेतले तर तुमचं बरोबर, तिथे एकच. |x| − 1 चं पण तसंच, तुटलेलं नाही पण 0 ला टोकदार कोपरा आहे, डेरिव्हेटिव्ह नाही, आणि रूट दोन. म्हणून बहुपदी असेल तर "f बहुपदी आहे म्हणून कंटिन्युअस आणि डिफरन्शिएबल" ही एक ओळ लिहायचीच, आणि भागाकार, मॉड्युलस, tan असलं काही दिसलं तर थांबून आधी बघायचं कुठे तुटतंय का.

विन्या_पर्वरी
गंमत म्हणजे खुद्द रोलने हे १६९१ मध्ये केलं ते फक्त बहुपदींसाठीच. आणि तो त्या वेळी कॅल्क्युलसच्या विरोधात होता, आणि आता कॅल्क्युलसच्या प्रत्येक पुस्तकात त्याचंच नाव.

साखळीचा_सोहम
मी आता असं लिहिलंय, कोणी बघेल का?

समजा [−2, 2] मध्ये f(x) = x³ − 12x + k चे दोन भिन्न रूट a आणि b आहेत, a < b. f बहुपदी आहे म्हणून [a, b] वर कंटिन्युअस आणि (a, b) वर डिफरन्शिएबल. f(a) = f(b) = 0. रोलप्रमाणे (a, b) मध्ये असा c आहे की f′(c) = 0. पण −2 ≤ a < c < b ≤ 2 म्हणून c² < 4 म्हणून f′(c) = 3c² − 12 < 0. विसंगती. म्हणून जास्तीत जास्त एकच रूट.

मास्तरीण_डिचोली
छान. यात काही घालू नकोस, काही काढू नकोस.

प्रज्ञा_काणकोण
सोहम, हे जमलं तर आता 2ˣ = 1 + x² बघ. इथे f′ ला भिडून लगेच काही हाती लागत नाही, पण रोल एकापाठोपाठ लावत गेलास तर जास्तीत जास्त किती रूट ते निघतं. 0 आणि 1 तर दिसतातच.

साखळीचा_सोहम
तिसरा डेरिव्हेटिव्ह घेतला की x² उडतो आणि 2ˣ × (ln 2)³ राहतो, तो कधीच शून्य नाही… म्हणजे f″ ला जास्तीत जास्त एक, f′ ला दोन, f ला तीन?

प्रज्ञा_काणकोण
हां. आता तिसरा खरंच आहे का ते शोध. 4 आणि 5 घालून बघ.

म्हापसेकर७
4 ला 16 आणि 17, 5 ला 32 आणि 26. मध्ये कुठेतरी ओलांडतोय. या वेळी कॅल्क्युलेटर नीट वापरला हां मी.

विन्या_पर्वरी
आणि यातला एखादा दुहेरी असला तर?